‘तुमचा चेहरा बदलला जाईल’ : एका ईमेलची चिकित्सा

“ताई, फिल्ममध्ये तुमचा चेहरा डीपफेक तंत्राने बदलला जाईल.”

हे वाक्य एका फिल्म विद्यार्थ्याने एका हौशी नाट्यकलावंत बाईंना पाठवलेल्या ईमेलमधलं आहे. दोघांच्याही परवानगीने आज आपण तो ईमेल ओळीओळीने वाचणार आहोत. ओळख पटेल अशा सगळ्या खुणा मी काढून टाकल्या आहेत. मेल चांगल्या मनाने लिहिलेला आहे, बऱ्यापैकी सविस्तर आहे, आणि तरीही तो वाचून ताईंना आपण नेमकं कशाला ‘हो’ म्हणतोय हे कळत नाही. तुमच्यापैकी अनेकांना पुढे मुलाखती, फोटो, आवाज गोळा करायचे आहेत आणि त्यासाठी संमती मागायची आहे. म्हणून हा मेल नमुना म्हणून घेऊ.

थोडी पार्श्वभूमी. विद्यार्थ्याची डिप्लोमा फिल्म एका तरुण बाईंबद्दल आहे. त्यांनी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं, मारहाण झाली, आता त्या दुसऱ्या गावी राहतात. त्यांची चार मिनिटांची मुलाखत फिल्ममध्ये आहे आणि त्यांचा चेहरा दाखवणं धोक्याचं आहे. चेहरा धूसर केला की बोलणाऱ्या माणसाचे हावभावही जातात. म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर ताईंचा चेहरा बसवायचा, असा बेत आहे.

ही कल्पना नवी नाही. डेव्हिड फ्रान्स यांच्या ‘वेलकम टू चेचन्या’ (२०२०) या माहितीपटात चेचन्यातून जीव वाचवून पळणाऱ्या समलिंगी माणसांचे चेहरे असेच झाकले होते. दृश्यपरिणामांचं काम रायन लेनी यांनी पाहिलं आणि चेहरे दिले ते स्वयंसेवकांनी. त्या फिल्मकडे पुढे पुन्हा येऊ.

१. कोणाचा चेहरा, कोणाच्या अंगावर?

आता पहिलं वाक्य पुन्हा वाचा. ‘तुमचा चेहरा बदलला जाईल.’ मराठीत ‘बदलणे’ दोन अर्थांनी चालतं. स्वभाव बदलला म्हणजे तोच स्वभाव वेगळा झाला. चप्पल बदलली म्हणजे एक काढून दुसरी घातली. चेहऱ्याच्या बाबतीत यातून निदान तीन अर्थ निघतात. ताई अभिनय करतील आणि त्यांच्या चेहऱ्याच्या जागी दुसऱ्याचा चेहरा येईल, हा एक. ताईंचाच चेहरा थोडा वेगळा केला जाईल, म्हणजे कोणी ओळखणार नाही, हा दुसरा. आणि ताईंचा चेहरा दुसऱ्या बाईच्या डोक्यावर बसेल, हा तिसरा.

विद्यार्थ्याला तिसरा अर्थ सांगायचा होता. ताईंनी पहिल्यांदा वाचताना दुसरा घेतला. त्यांनी मला सांगितलं, “मला वाटलं, मी ओळखूच येणार नाही.” वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. सगळ्या फिल्ममध्ये ओळखता येण्यासारखा चेहरा असेल तर तो त्यांचाच.

तिसऱ्या अर्थात नेमकं काय घडतं ते सांगतो. त्या चार मिनिटांत ताई कुठेच नसतात. शरीर, हात, केस, कान, मान त्या बाईंचे. आवाजही त्यांचाच, किंवा बदललेला. ओठांची हालचाल, पापण्यांची उघडझाप, शब्द अडखळला तेव्हा आलेली आठी, हेही त्या बाईंचंच. ताईंकडून येते ती फक्त चेहऱ्याची ठेवण: डोळ्यांचा आकार, नाक, जिवणी, गाल. म्हणजे ताईंनी इथे अभिनय केलेला नाही. दुसऱ्या कोणाचे तरी हावभाव त्यांच्या चेहऱ्यावर दिसणार आहेत, आणि त्या चेहऱ्यातून “माझ्या सख्ख्या भावानेच मला मारलं” असं वाक्य निघणार आहे. ताईंनाही भाऊ आहे.

हे मेलमध्ये असायला हवं होतं, आणि त्यासाठी एकाही तांत्रिक शब्दाची गरज नव्हती. ‘पडद्यावर तुमचा चेहरा दिसेल. तो त्या बाईंचं बोलणं बोलेल. त्यातली ही तीन वाक्यं तुम्हाला खटकू शकतील म्हणून आधीच पाठवतोय.’ एवढं पुरलं असतं. संमती मागताना क्रियापद कर्मणी प्रयोगात गेलं, ‘बदलला जाईल’, ‘वापरला जाईल’, की तिथे थांबायचं आणि विचारायचं: कोण करेल, कोणावर करेल?

२. शूटिंगबद्दलचा परिच्छेद: इथे मेल उत्तम आहे

मेलचा दुसरा परिच्छेद असा आहे: “शूटिंगला अर्धा दिवस लागेल. तुम्ही खुर्चीवर बसायचं. मान हळूहळू डावीकडे, उजवीकडे, वर, खाली न्यायची. हसायचं, रागवायचं, गप्प बसायचं, एक उतारा मोठ्याने वाचायचा. हेच सगळं तीन प्रकारच्या प्रकाशात. एकूण साधारण २५ मिनिटांचं फुटेज हवं. त्यातून सेकंदाला पाच फ्रेम काढल्या की ७,५०० फोटो होतात. धूसर आणि सारखे दिसणारे काढून टाकले की तीन-चार हजार उरतील.”

हे छान लिहिलंय. किती वेळ, काय करायचं, का करायचं हे कळतं, आणि हिशोबही बरोबर आहे: २५ मिनिटं म्हणजे १,५०० सेकंद, गुणिले पाच. मान सगळीकडे का फिरवायची, याचं कारण एका ओळीत आलं असतं तर अजून बरं झालं असतं. मुलाखतीत त्या बाई जिथे जिथे मान वळवतात, त्या प्रत्येक कोनातून ताईंचा चेहरा यंत्राने पाहिलेला असावा लागतो. न पाहिलेल्या कोनात चेहरा पुसट किंवा वितळल्यासारखा दिसतो.

पण गंमत बघा. सगळा तपशील ताईंच्या अर्ध्या दिवसाबद्दल आहे. त्यानंतर त्या तीन-चार हजार फोटोंचं काय होतं, याला मेलमध्ये एकच ओळ मिळाली आहे. संमतीच्या दृष्टीने जड भाग तिथे आहे.

३. ‘सगळा डेटा डिलीट केला जाईल’

ही ती ओळ: “काम झाल्यावर तुमचा सगळा डेटा डिलीट केला जाईल.” इथे ‘डेटा’ म्हणजे काय? हे समजायला यंत्रात काय चालतं ते थोडं बघावं लागेल. विद्यार्थ्याने डीपफेसलॅब हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं आहे आणि त्यातली ‘डीएफ’ ही रचना निवडली आहे.

या रचनेत एक एन्कोडर असतो आणि दोन डीकोडर. एन्कोडर चेहऱ्याचा फोटो घेतो आणि त्यातलं सार आकड्यांत आवळतो: मान किती वळली आहे, तोंड किती उघडं आहे, उजेड कुठून येतोय. डीकोडर त्या आकड्यांवरून पुन्हा चेहरा उभा करतो. शिकवताना एन्कोडर दोघींसाठी एकच असतो, पण डीकोडर वेगवेगळे. एक फक्त ताईंचा चेहरा उभा करायला शिकतो, दुसरा फक्त त्या बाईंचा. शिकून झालं की अदलाबदल करायची. बाईंची फ्रेम एन्कोडरमध्ये घालायची आणि निघालेले आकडे ताईंच्या डीकोडरला द्यायचे. तो बिचारा एकच चेहरा जाणतो, म्हणून त्याच हावभावात ताईंचा चेहरा काढून देतो.

ताईंच्या दृष्टीने यात चार वेगवेगळ्या वस्तू तयार होतात. पहिली, २५ मिनिटांचं मूळ फुटेज. दुसरी, त्यातून कापलेले तीन-चार हजार चेहरे, सॉफ्टवेअरमध्ये `data_src/aligned` या फोल्डरमध्ये असतात ते. तिसरी, शिकलेलं मॉडेल, ज्यात ताईंचा डीकोडर `decoder_src.npy` अशा शेवटाच्या फाइलमध्ये साठवलेला असतो. चौथी, तयार फिल्म.

‘डेटा डिलीट’ म्हटलं की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर पहिली वस्तू येते, फार तर दुसरी. पण दोन्ही पुसल्या आणि तिसरी राहिली, तर ताईंचा चेहरा तयार करायची सोय शाबूत राहते. मॉडेल हाताशी असलेल्या माणसाला पुढच्या वेळी ताईंना खुर्चीवर बसवायची गरज नसते. मिळत्याजुळत्या प्रकाशातल्या दुसऱ्या व्हिडिओवर थोडं आणखी प्रशिक्षण दिलं की काम भागतं. शिवाय दुसरी वस्तू, म्हणजे कापलेले चेहरे, अशाच कामासाठी उत्साहाने एकमेकांना दिले जातात. ‘चांगला फेससेट आहे, देतो तुला’ हे वाक्य लॅबमध्ये सहज बोललं जातं.

आणि एक गोष्ट विद्यार्थ्याच्याही लक्षात आलेली नव्हती असं मेलवरून दिसतं. मॉडेलमध्ये दोन डीकोडर आहेत ना? मग दुसरा, `decoder_dst.npy`, कोणाचा? ज्या बाईंना लपवायचंय त्यांचा. ताईंचं फुटेज एन्कोडरमध्ये घालून आकडे या डीकोडरला दिले, तर त्या बाईंचा खरा चेहरा बाहेर येईल. म्हणजे मुखवटा तयार करणाऱ्या फाइलींच्याच ढिगात मुखवट्याखालचा चेहराही ठेवलेला आहे. प्रशिक्षण चालू असताना स्क्रीनवर जो नमुना दिसत राहतो, त्यातही दोन्ही चेहरे शेजारीशेजारी असतात. मेलमध्ये विद्यार्थी लिहितो, “कधीही लॅबमध्ये येऊन काम कसं चाललंय ते बघा.” आमंत्रण आपुलकीचं आहे, पण त्या स्क्रीनसमोर ताईंना उभं करणं म्हणजे त्या बाईंचा चेहरा त्यांना दाखवणं. ताईंना तो माहीत असण्याची काहीच गरज नाही. माहीत नसेल तर उद्या कोणी “कोण होती ती?” म्हणून मागे लागलं तरी त्या खरंच सांगू शकणार नाहीत. यात त्यांचीही सुरक्षितता आहे.

तेव्हा ‘सगळा डेटा’ या शब्दांच्या जागी चार वस्तूंची चार वाक्यं हवीत. प्रत्येकीबद्दल कुठे आहे, कोणाच्या हातात आहे, कोणत्या तारखेला पुसणार, हे यायला हवं. मॉडेलच्या आपोआप होणाऱ्या बॅकअप प्रती आणि जतन केलेले नमुने यांचाही उल्लेख हवा, कारण सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय चालू असेल तर जुन्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये साठत राहतात आणि मुख्य फाइल पुसली तरी तशाच राहतात.

४. ‘त्यांना कोणीही ओळखू शकणार नाही’

हे वाक्य ताईंना पटवण्यासाठी लिहिलंय: तुम्ही चेहरा दिलात तर एका बाईचा जीव सुरक्षित होतो. पण ते खरं आहे का?

एक तर चेहऱ्याशिवाय ओळखीच्या खुणा खूप असतात. आवाज, बोलण्याचा हेल, हातावरचं गोंदण, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर. त्यांचा या तंत्राशी संबंधच नाही. दुसरं म्हणजे तंत्र स्वतः चुकतं, आणि कुठे चुकतं ते आधी सांगता येतं.

चेहरा बसवण्याआधी सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये चेहरा शोधतं. मान पूर्ण वळली, चेहऱ्यावर हात आला, किंवा डोळे पुसायला पदर वर गेला, की काही फ्रेममध्ये त्याला चेहरा सापडत नाही. अशा वेळी शेवटच्या टप्प्यात ते काय करतं? ती फ्रेम जशीच्या तशी पुढच्या व्हिडिओत टाकतं. मूळ, खऱ्या चेहऱ्यासकट.

हिशोब करून बघू. चार मिनिटं, सेकंदाला २५ फ्रेम: ४ × ६० × २५ = ६,००० फ्रेम. समजा ९९.५ टक्के फ्रेममध्ये चेहरा सापडला. ऐकायला भारी वाटतं, पण उरलेला अर्धा टक्का म्हणजे ३० फ्रेम. प्रत्येक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. थिएटरमध्ये ते क्षणभर लुकलुकल्यासारखं वाटेल, कदाचित जाणवणारही नाही. पण व्हिडिओची लिंक हातात असलेला माणूस तो थांबवू शकतो. आणि या ३० फ्रेम मुलाखतभर सारख्या पसरलेल्या नसतात. बाई जिथे रडतात, पदराने तोंड झाकतात, मान वळवतात, तिथेच त्या साचतात. म्हणजे ज्या क्षणासाठी दिग्दर्शक ती मुलाखत फिल्ममध्ये ठेवतोय, त्याच क्षणी यंत्र सगळ्यात कच्चं असतं.

हे तपासता येतं. मूळ फ्रेम `data_dst` मध्ये `00001.png` अशा नावांनी असतात, आणि सापडलेले चेहरे `data_dst/aligned` मध्ये `00001_0.jpg` अशा नावांनी. दोन्ही याद्यांतला फरक काढला की चेहरा न सापडलेल्या फ्रेम मिळतात:

```python
from pathlib import Path
f = {p.stem for p in Path("data_dst").glob("*.png")}
a = {p.stem.rsplit("_", 1)[0]
     for p in Path("data_dst/aligned").glob("*.jpg")}
print(sorted(f - a))
```

या यादीतली प्रत्येक फ्रेम हाताने बघायची. खरंच चेहरा दिसत नसेल तर प्रश्न नाही. दिसत असेल तर चेहऱ्याची चौकट हाताने आखून द्यायची, किंवा तो शॉट काढून फक्त हातांचा शॉट लावायचा. पण ही यादी रिकामी आली म्हणजे जिंकलो असं नाही. भिंतीवरच्या फोटोतला चेहरा यंत्राने बाईंचा म्हणून उचलला असेल, तर ती फ्रेम ‘सापडली’ यातच मोजली जाते. म्हणून शेवटी तयार व्हिडिओ एकदा फ्रेम फ्रेम पुढे नेत बघण्याला पर्याय नाही. ६,००० फ्रेम, दोन माणसं, एक दिवस.

मग मेलमध्ये काय लिहायचं? ‘कोणीही ओळखू शकणार नाही’ या वचनाऐवजी, ‘चेहऱ्यावरून ओळख पटू नये म्हणून प्रत्येक फ्रेम दोघेजण तपासतील. आवाज बदलणार आहोत. तरी जवळच्या माणसांना अंदाज येऊ शकतो, आणि हे त्या बाईंना सांगितलेलं आहे.’ हे कमी आकर्षक आहे, पण यातल्या प्रत्येक वाक्याची खातरजमा करता येते.

५. ‘फक्त शैक्षणिक कामासाठी आणि फेस्टिव्हलसाठी’

‘वेलकम टू चेचन्या’मध्ये चेहरे बदललेत हे प्रेक्षकाला सांगितलेलं आहे, आणि बसवलेल्या चेहऱ्यांच्या कडा किंचित मऊ दिसतात, त्यामुळे आपण मुखवटा बघतोय याची जाणीव राहते. मॅक्सिम लापुनोव पत्रकार परिषदेत स्वतःच्या नावाने जगासमोर येतात, त्या क्षणी तो मुखवटा विरघळतो आणि खाली त्यांचा स्वतःचा चेहरा दिसतो. तिथे तंत्र लपवलेलं नाही. उघड ठेवलंय, आणि त्यामुळेच ते दृश्य अंगावर येतं.

आपल्या विद्यार्थ्याने फिल्मच्या सुरुवातीला सूचनेची पाटी ठेवली आहे. पण फिल्म आजकाल अख्खी फिरत नाही. २० सेकंदांचा तुकडा व्हॉट्सअॅपवर जातो, एक फ्रेम पोस्टरवर जाते. सुरुवातीची पाटी त्यांच्यासोबत जात नाही. ताईंच्या गावातल्या माणसाला दिसेल ते एवढंच: ताई रडत सांगतायत की भावाने मारलं. म्हणून सूचना त्या चार मिनिटांत चौकटीच्या आतच, कोपऱ्यात सतत दिसली पाहिजे. आणि ट्रेलर, पोस्टर, लिंकवरचं छोटं चित्र यांत हा चेहरा येणार की नाही, हे मेलमध्ये वेगळं विचारलं पाहिजे. ‘फेस्टिव्हल’ या एका शब्दात हे सगळं गुपचूप आत शिरतं.

न्यूयॉर्कमधल्या कार्यकर्त्यांनी चेहरे दिले तेव्हा त्यांच्यात आणि चेचन्यात हजारो किलोमीटरचं अंतर होतं. इथे ताई, त्या बाई आणि प्रेक्षक यांच्यात एखाद्या तालुक्याचं अंतर असू शकतं. परदेशी उदाहरणातून तंत्र उचलता येतं, जोखमीचा अंदाज मात्र आपला आपणच बांधावा लागतो.

६. ‘तुम्ही कधीही नकार देऊ शकता’ आणि शेवटची ओळ

आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती कशी असावी हे सांगितलंय: मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट, माहितीवर आधारलेली, विनाअट आणि निःसंदिग्ध. शिवाय ती मागे घेणंही ती देण्याइतकंच सोपं असावं. विद्यार्थ्याच्या फिल्मला हा कायदा कितपत लागू होतो हा वकिलांचा विषय, पण कसोटी म्हणून ती यादी उत्तम आहे.

‘कधीही’ हा शब्द त्या कसोटीला उतरल्यासारखा वाटतो, पण तो पाळता येत नाही. प्रशिक्षण सुरू होण्याआधी ताई ‘नको’ म्हणाल्या तर चारही वस्तूंचा प्रश्न मिटतो. प्रशिक्षण झाल्यावर म्हणाल्या तर मॉडेल पुसून दुसऱ्या कोणाच्या तरी चेहऱ्याने नव्याने सुरुवात करावी लागते. काही दिवस जातात, पण शक्य आहे. फिल्म फेस्टिव्हलला पाठवल्यावर म्हणाल्या तर नवी प्रत पाठवता येते, जुनी परत मागता येते, मिळेलच असं नाही. प्रदर्शन झाल्यावर, लोकांनी पाहिल्यावर, नकाराचा अर्थ फक्त ‘इथून पुढे नाही’ एवढाच उरतो. चार टप्पे, चार वेगळी उत्तरं. ते तारखांसकट सांगितले तर ताई नकार कधीपर्यंत द्यायचा हे ठरवू शकतात. ‘कधीही’ म्हटलं की त्या निर्धास्त राहतात आणि उशीर होतो.

आता मेलची शेवटची ओळ: “तुम्ही नाही म्हणणार नाही याची खात्री आहे, ताई.” आपल्या बोलण्यात हे प्रेमाने येतं, त्यात कोणाला दडपण वाटत नाही असं आपण धरून चालतो. पण आधीच्या परिच्छेदात दिलेला नकाराचा हक्क ही ओळ काढून घेते. ज्या मुलाला आपण ओळखतो, ज्याची डिप्लोमा फिल्म अडली आहे, त्याला ही ओळ वाचून ‘नको’ कळवणं म्हणजे त्याचा विश्वास मोडणं. मोकळेपणाने दिलेली संमती इथे अडते. ती ओळ काढली तर मेलमधली माहिती तसूभरही कमी होत नाही.

मेल पुन्हा लिहिला तर

ताई आणि विद्यार्थी यांच्याशी बोलून मी हा मसुदा केला. तारखा नमुन्यादाखल आहेत.

> नमस्कार ताई,
>
> माझ्या फिल्ममध्ये एका बाईंची चार मिनिटांची मुलाखत आहे. त्यांचा चेहरा दाखवणं धोक्याचं आहे. त्यांच्या चेहऱ्याच्या जागी मला तुमचा चेहरा बसवायचा आहे. पडद्यावर तुम्ही ओळखू याल, आणि त्यांचं बोलणं तुम्ही बोलताय असं दिसेल. मुलाखतीचा मजकूर, नावं काढून, सोबत जोडला आहे. आधी तो वाचा.
>
> चेहरा कृत्रिमरीत्या बसवला आहे, ही सूचना त्या चार मिनिटांत सतत कोपऱ्यात दिसेल. ट्रेलर, पोस्टर आणि लिंकवरचं चित्र यांत तुमचा चेहरा नसेल. फिल्म कॉलेजमध्ये आणि फेस्टिव्हलमध्ये दाखवेन. इंटरनेटवर टाकायची वेळ आली तर पुन्हा विचारेन, आणि तुमचं लेखी उत्तर येईपर्यंत टाकणार नाही.
>
> तुमचं फुटेज, त्यातून कापलेले चेहऱ्यांचे फोटो आणि त्यावर शिकलेलं मॉडेल या तीन गोष्टी एकाच हार्डडिस्कवर राहतील. ती माझ्याकडे असेल आणि तिला इंटरनेट जोडलेलं नसेल. फिल्म सादर झाल्यावर, ३० जूनला, तिन्ही गोष्टी बॅकअपसकट मीच पुसेन. तुम्हाला समोर बसून पाहायचं असेल तर जरूर या.
>
> १० एप्रिलपर्यंत नको म्हणालात तर काहीच वापरणार नाही. १० मेपर्यंत म्हणालात तर मॉडेल पुसून दुसऱ्यांच्या चेहऱ्याने काम करेन. त्यानंतर फिल्म बाहेर गेलेली असेल. पुढची प्रदर्शनं थांबवेन, पण आधी पाहिलेल्यांकडून काही परत घेता येणार नाही.
>
> त्या बाई कोण आहेत हे तुम्हाला मुद्दाम सांगत नाही. तुमचा चेहरा वापरायला त्यांचा होकार आहे.
>
> आठवडाभर विचार करा. ‘नको’ एवढा एक शब्द पाठवलात तरी चालेल, कारण विचारणार नाही.

मसुद्यात ‘डीपफेक’, ‘एन्कोडर’ हे शब्द एकदाही आलेले नाहीत, तरी मूळ मेलपेक्षा तंत्राची माहिती यात जास्त आहे. कारण तंत्र कसं चालतं ते कळल्यावरच विचारायचे प्रश्न कळतात: मॉडेल वेगळं पुसावं लागतं, सूचना चौकटीत हवी, ताईंना प्रशिक्षणाचा स्क्रीन दाखवायचा नाही.

तुमच्या संशोधनात चेहरा नसेल, आवाजाच्या ध्वनिफिती असतील किंवा शाळेतल्या मुलांची चित्रं असतील. तुमचं संमतीपत्र घ्या आणि ‘डेटा’ या शब्दावर पेन्सिलने गोल करा. त्या शब्दाखाली प्रत्यक्षात किती फाइली आहेत, त्या कोणाच्या लॅपटॉपवर आहेत आणि त्यांच्यापासून पुढे काय तयार झालंय, याची यादी समासात लिहा. यादी समासात मावली नाही, तर संमतीपत्र पुन्हा लिहायला घ्या.

ताईंनी नव्या मसुद्यावर आठवड्याचा वेळ घेतला. पाचव्या दिवशी त्यांनी होकार कळवला, एका अटीवर: भावाचं नाव असलेलं वाक्य फक्त आवाजात ठेवायचं, त्या वेळी पडद्यावर हात दिसावेत. मूळ मेलमध्ये मुलाखतीचा मजकूर जोडलेला नव्हता, त्यामुळे ही अट घालायची सोयच नव्हती.